गोळी आणि घास यांचे वेळापत्रक : लेव्होडोपा घेणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णाचा आहारसल्ला

सकाळी सातला घेतलेली गोळी पाऊण तासात लागू पडते. हात मोकळे होतात, पावले उचलली जातात, सदऱ्याची बटणे स्वतःची स्वतः लावता येतात. तीच गोळी, तेवढ्याच मात्रेची, दुपारी जेवणानंतर घेतली की तीन-तीन तास काहीच घडत नाही. रुग्ण खुर्चीत खिळून राहतो आणि घरच्यांची समजूत होते की आजार वाढला. पार्किन्सनच्या, म्हणजे आपल्याकडे कंपवात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराच्या, अनेक कुटुंबांत हा अनुभव नित्याचा आहे. गोळीची मात्रा वाढवून घेण्यासाठी मग डॉक्टरांकडे धाव घेतली जाते. मात्र या तक्रारीच्या मुळाशी कित्येकदा दुपारचे ताट असते.

लेव्होडोपा हे औषध स्वतः एक अमिनो आम्ल आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. मेंदूतील डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी या विकारात हळूहळू नष्ट होतात. डोपामाइन बाहेरून दिले तर ते मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते आणि तेथे त्याचे डोपामाइनमध्ये रूपांतर होते. हे रूपांतर वाटेतच, रक्तात आणि आतड्याच्या भिंतीत, होऊन जाऊ नये म्हणून गोळीत त्याच्याबरोबर कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड हे साहाय्यक द्रव्य घातलेले असते. एवढे करूनही रक्तातील लेव्होडोपाचे प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. त्यामुळे हे औषध दिवसातून तीन, चार, कधी सहा वेळा घ्यावे लागते आणि प्रत्येक वेळी ते वेळेवर पोहोचणे आवश्यक असते.

या प्रवासात त्याला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आहे. जठरात औषध शोषले जात नाही. जठराने ते पुढे ढकलल्यावरच त्याचे शोषण सुरू होते. दुसरे दार रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या आवरणात आहे. दोन्ही दारांवर लेव्होडोपाला आत नेणारे वाहक तेच असतात, जे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलॅनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांना आत नेतात. ही सारी डाळ, दूध, पनीर, अंडी, मासे, मांस यांतील प्रथिने पचल्यावर सुटी होतात. त्यांची गर्दी झाली की मोजक्या मिलिग्रॅमच्या लेव्होडोपाला रांगेत मागे थांबावे लागते.

यांतले दुसरे दार अधिक महत्त्वाचे आहे, हे १९८४ साली अमेरिकेतील जॉन नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यांनी रुग्णांना लेव्होडोपा शिरेतून सलग दिले, म्हणजे आतड्याचे दार वगळलेच. रक्तातील औषधाची पातळी स्थिर असतानाही भरपूर प्रथिनांचे जेवण दिल्यावर रुग्ण पुन्हा ताठरले. ल्युसिन किंवा फेनिलॲलॅनिन दिल्यावरही तसेच झाले. वेगळ्या वाहकाने जाणारी ग्लायसिन आणि लायसिन ही अमिनो आम्ले दिली तेव्हा मात्र काही बिघडले नाही. घरच्या भाषेत याचा अर्थ असा की, गोळी नीट शोषली गेली तरी तासाभराने घेतलेले मोठे, प्रथिनयुक्त जेवण तिचा परिणाम मेंदूच्या उंबऱ्यावर अडवू शकते.

असे असले तरी हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला भेडसावत नाही. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत शिल्लक असलेल्या पेशी डोपामाइन साठवून ठेवतात आणि गोळी थोडी मागेपुढे झाली तरी चालून जाते. पुढे ही साठवण संपत जाते. मग गोळी लागू असतानाचा काळ आणि ती उतरल्यानंतरचा काळ यांत स्पष्ट फरक दिसू लागतो. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही त्यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. ज्यांच्या दिवसात असे चढउतार नाहीत, त्यांनी प्रथिनांच्या वेळांचा घोर लावून घेऊ नये. त्यांना गोळी जेवणाआधी घेण्याची सवय पुरेशी आहे. ज्यांचा उपचार प्रामिपेक्झोल किंवा रोपिनिरोल यांसारख्या औषधांवरच चालू आहे, त्यांना तर ही अडचणच नाही, कारण ती औषधे या दाराने जात नाहीत.

समुपदेशन प्रत्यक्षात कसे चालते हे पाहण्यासाठी एक कल्पित, पण रोजच्या अनुभवाशी मिळतेजुळते उदाहरण घेऊ. इंदूरमध्ये दोन पिढ्यांपासून राहणारे एक मराठी कुटुंब आहे. सदुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक, आजाराला आठ वर्षे झालेली. लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा. उंची १६५ सेंटिमीटर. वर्षभरापूर्वी वजन ६२ किलो होते, आता ५४. शौचाला आठवड्यातून जेमतेम दोनदा होते. दुपारची गोळी ‘वाया जाते’ ही मुख्य तक्रार घेऊन पत्नी त्यांना आहारतज्ज्ञांकडे घेऊन आली.

आहारतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत कोणताही आहार लिहून दिला नाही. “काकू, तीन दिवस एक वही ठेवा. गोळी किती वाजता घेतली, काय आणि किती वाजता खाल्ले, गोळी केव्हा लागली आणि केव्हा उतरली, एवढेच लिहायचे. त्यात एक दिवस उपासाचा आला तर फारच चांगले,” असे त्यांनी सांगितले. उपासाच्या दिवसाचा उल्लेख त्यांनी सहज केला नव्हता. आदल्याच संभाषणात काकू म्हणाल्या होत्या, “ताई, गुरुवारी यांना इतके बरे असते की दत्तमहाराजांचीच कृपा म्हणायची.”

वहीने कोडे सोडवले. गुरुवारी काकांच्या पोटात रताळ्याचा कीस, साबुदाण्याची पेज आणि केळे जात होते. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच. रताळ्यात आणि केळ्यातही ती अल्पच असतात. त्या दिवशी बारा वाजताची गोळी पन्नास मिनिटांत लागली. इतर दिवशी हीच गोळी जेवण झाल्यावर घेतली जात होती आणि जेवणात दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ आणि दही असे. म्हणजे एका बैठकीत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने, त्यावर तेल-तुपाने जठराची गती मंदावलेली आणि या सगळ्यावर गोळी. सकाळचीही अवस्था फार वेगळी नव्हती. वजन उतरते म्हणून मुलाने प्रथिनांची भुकटी आणून दिली होती आणि काकू ती मोठ्या पेलाभर दुधात घालून नेमकी गोळीबरोबरच देत होत्या. अशी भुकटी बहुधा दुधाच्या निवळीपासून केलेली असते आणि तिच्यात ल्युसिनचे प्रमाण विशेष असते. प्रेमापोटी केलेली ही व्यवस्था औषधाच्या थेट वाटेत उभी होती.

वहीतल्या नोंदी वाचताना दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढाव्या लागतात. गोळी वेळेवर लागते, पण पुढच्या गोळीच्या आधीच उतरते, असे दिसले तर तो मात्रेचा किंवा अंतराचा प्रश्न असतो आणि तो डॉक्टरांनी सोडवायचा असतो. गोळी उशिरा लागते किंवा लागतच नाही, आणि तेही ठरावीक जेवणांनंतरच, असे दिसले तर आहाराकडे वळावे. काकांच्या वहीत हा दुसरा प्रकार ठळक होता.

उपायाची पहिली पायरी साधी आहे आणि बहुसंख्य रुग्णांना एवढीच पुरते. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. जेवण आधीच झाले असेल तर दीड-दोन तास थांबून घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादा टोस्ट, साधे बिस्किट किंवा अर्धे केळे बरोबर चालते. दूध मात्र नको. आपल्याकडे ‘कोणतीही गोळी जेवणावरच’ हा संस्कार इतका पक्का आहे की ही पायरी समजावून सांगायला बाकी सर्व गोष्टींपेक्षा अधिक वेळ लागतो. तिचा आणखी एक लाभ होतो. गोळी लागू झाल्यानंतर जेवायला बसले की घास चावणे आणि गिळणे सुधारते, हात तोंडाशी नीट येतो आणि अर्धे ताट तसेच राहत नाही.

एवढ्याने भागले नाही तरच दुसरी पायरी चढायची. येल विद्यापीठातील जोनाथन पिंकस आणि केथ्रिन बॅरी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दिवसभर अगदी नाममात्र, दहा ग्रॅमहून कमी प्रथिने देऊन बाकीचा सारा वाटा रात्रीच्या जेवणात ठेवला जातो. दिवस त्यामुळे मोकळा जातो. त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते, कारण रात्रीची गोळी कमजोर पडते आणि अंथरुणात कूस बदलणे अवघड होऊ शकते. हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. ज्याची पत्नी स्वतः पाठदुखीने बेजार आहे आणि रात्री त्याला वळवू शकत नाही, त्याच्यासाठी हा सौदा कदाचित तोट्याचाच ठरेल.

काकांच्या बाबतीत आहारतज्ज्ञांनी पिंकस यांची कडक पद्धत मुद्दामच टाळली. वर्षात आठ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ तेरा टक्के, गमावलेल्या माणसाला दिवसभर पेज आणि फळांवर ठेवणे धोक्याचे होते. प्रथिनांची वेळ बदलायची, त्यांचे प्रमाण मुळीच घटवायचे नाही, हा या सल्ल्याचा कणा आहे आणि घरोघरी नेमका येथेच घोटाळा होतो. ‘प्रथिने औषधाला अडवतात’ एवढेच कानावर पडते आणि डाळ-दूध कायमचे बंद होते. वयस्क माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिने हवीत आणि वजन घटत असेल तर त्याहून थोडी अधिकच हवीत. काकांसाठी हा आकडा ५४ ते ६५ ग्रॅम असा निघाला.

त्यानुसार आखलेला दिवस असा होता. साडेसहाला गोळी आणि सव्वासातला न्याहारी. न्याहारीला पोहे, उपमा किंवा तांदळाची उकड, वर चमचाभर तूप, एक केळे आणि दोन घोट दुधाचा चहा, म्हणजे पाच-सहा ग्रॅम प्रथिने. इंदूरच्या पोह्यांवर शेव आलीच पाहिजे. चिमूटभर शेवेतली प्रथिने नगण्य असल्याने ती काढून घेण्यात काही अर्थ नव्हता, शेंगदाण्यांची मूठ तेवढी रात्रीसाठी राखली. साडेदहाला दुसरी गोळी आणि सव्वाअकराला जेवण. त्यात दोन फुलके किंवा ज्वारीची भाकरी, दुधी, भोपळा किंवा पालेभाजी, थोडा भात आणि आमसुलाचे सार, सर्वांवर सढळ तूप. प्रथिने दहा ग्रॅमच्या आसपास. अडीचला तिसरी गोळी, सव्वातीनला रताळे किंवा पपई, नाहीतर पाण्यात केलेला तूपसाखरेचा शिरा. साडेसहाला चौथी गोळी आणि साडेसातला रात्रीचे जेवण. वाटीभर घट्ट वरण, पन्नास ग्रॅम पनीर किंवा दोन अंडी, वाटीभर दही आणि दोन फुलके मिळून सत्तावीस ते तीस ग्रॅम. झोपण्यापूर्वी मोठा पेलाभर दूध, त्याचे आठ ग्रॅम. बेरीज पंचावन्नच्या घरात जाते, आणि मुलाने आणलेली भुकटी याच रात्रीच्या दुधात चमचाभर घातली की साठी गाठता येते.

या वेळापत्रकाचा परिणाम आठवडाभरात कळतो. दोन आठवडे काटेकोर पाळूनही वहीत फरक दिसला नाही तर ते सोडून द्यावे, कारण प्रत्येकाच्या शरीरात या स्पर्धेचे महत्त्व सारखे नसते. फरक दिसला तर मात्र दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. अडलेले औषध आता पूर्ण पोहोचू लागल्याने तीच मात्रा जास्त ठरू शकते. काकांना पाचव्या दिवशी भर दुपारी मान आणि खांदे आपोआप डुलू लागले. या अनैच्छिक हालचालींना थरथर समजून गोळी वाढवणे ही चूक ठरली असती. अशा वेळी आहार मागे फिरवू नये, डॉक्टरांना कळवावे. त्यांनी काकांची दुपारची मात्रा थोडी उतरवली आणि डुलणे थांबले. थोडक्यात, ताटात बदल करण्यापूर्वी तो न्यूरोलॉजिस्टना सांगून ठेवणे या उपचाराचाच भाग आहे.

बद्धकोष्ठतेकडे वळताना एक जुनी नोंद आठवते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, त्यात आतड्याच्या मंदपणाचाही उल्लेख आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की हा मंदपणा कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकतो, कारण आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंवरही या विकाराचा परिणाम होतो. मोठ्या आतड्यातून मळ हळू सरकतो, हे एक कारण. दुसरे कारण असे की, शौचाच्या वेळी जे स्नायू सैल पडायला हवेत तेच आवळले जातात, आणि याकडे फारच कमी लक्ष जाते. पहिल्या कारणावर तंतुमय आहार आणि पाणी चालते. दुसऱ्यावर ते पुरत नाही. तेथे वेळ आणि बसण्याची पद्धत कामी येते.

काकांच्या बाबतीत आहारतज्ज्ञांनी आधी औषधांची पिशवी रिकामी करायला सांगितली. तिच्यातून ट्रायहेक्सिफेनिडिल निघाले. कंप कमी करणारे हे जुने औषध आतड्याची हालचाल मंदावते आणि वयस्क माणसांत विसरभोळेपणाही वाढवते. लोहाची गोळीही निघाली. ‘अशक्तपणासाठी’ म्हणून ती कोणीतरी सुरू केली होती आणि सकाळच्या गोळीबरोबरच घेतली जात होती. लोह दुहेरी नुकसान करते. ते मळ घट्ट करते आणि आतड्यात लेव्होडोपाला चिकटून त्याचे शोषण घटवते. लोहाची खरोखर गरज आहे का हे रक्त तपासून ठरवावे. असल्यास त्यात आणि लेव्होडोपात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. पिशवीत आम्लपित्तावरची एक जोडगोळीही होती आणि तिच्यात लेव्होसल्पिराइड होते. हे औषध, तसेच मळमळीवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, डोपामाइनच्या कार्यालाच अटकाव करतात आणि पार्किन्सनची लक्षणे वाढवतात. पोटाच्या साध्या तक्रारीसाठी कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ‘मला पार्किन्सन आहे’ हे वाक्य सर्वप्रथम उच्चारावे, ते यासाठी. ही औषधे बंद करण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच असतो. ट्रायहेक्सिफेनिडिल एकाएकी थांबवणे त्रासाचे ठरू शकते. ते हळूहळू उतरवले जाते.

पाणी काका जेमतेम तीन पेले पीत होते. रात्री लघवीला उठावे लागते, उठताना तोल जातो, म्हणून पाणीच नको, असा त्यांचा हिशेब होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून पाणी वाढवण्याऐवजी आधी त्याची वेळ बदलली. दिवसाच्या सात-आठ पेल्यांपैकी सहा संध्याकाळी पाचच्या आत संपवायचे. चार वेळच्या गोळ्यांबरोबर पूर्ण पेला घेतला की त्यातले जवळपास निम्मे अनायासे होते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

तंतुमय पदार्थांबाबत घाई महागात पडते. गव्हाचा कोंडा मूठमूठ खाल्ला की मंद आतड्यात वायू धरतो, पोट फुगते आणि भूक मरते. वजन घटणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. पालेभाजी, पपई, भिजवलेले अंजीर आणि मनुका, सालीसकट पेरू, ज्वारीची भाकरी यांतून सुरुवात करावी. इसबगोल उपयोगी आहे, पण तो चमचाभरापासून सुरू करावा, पूर्ण पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा, आणि त्यात व लेव्होडोपाच्या गोळीत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओला, घरघरीत होत असेल तर इसबगोल देऊ नये. फुगलेला इसबगोल घशात किंवा अन्ननलिकेत अडकण्याचा धोका असतो. अशा रुग्णाची गिळण्याची तपासणी आधी व्हायला हवी. आहाराने भागले नाही तर मॅक्रोगोलची भुकटी हा चांगला पर्याय आहे. ती मळात पाणी धरून ठेवते, पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये तिचा उपयोग तपासला गेला आहे, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने दीर्घकाळ घेता येते. ‘सवय लागेल’ या भीतीने आठवडाभर कुंथत बसणे अधिक वाईट.

आता वेळेचा मुद्दा. न्याहारीनंतर मोठे आतडे स्वभावतःच हालचाल करते. काकांच्या नव्या वेळापत्रकात सकाळची गोळी त्याच सुमाराला पूर्ण लागू झालेली असे. शौचाच्या वेळी आवळून राहणारे स्नायू सैल पडायलाही डोपामाइन लागते, म्हणून शौचाला बसण्याची सर्वोत्तम वेळ ‘ऑन’ अवस्थेत, गरम पेय आणि न्याहारी यांच्यानंतर वीस-तीस मिनिटांनी येते. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवून गुडघे वर घ्यावेत आणि पुढे झुकावे, म्हणजे देशी पद्धतीच्या बैठकीचा कोन साधतो. हा पाट ही काकूंच्या मते संपूर्ण सल्ल्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी वस्तू ठरली. तीन आठवड्यांनी काकांना एक दिवसाआड साफ होऊ लागले. बद्धकोष्ठता सुटल्यावर पोट हलके राहते आणि घास वाढतो, आणि येथून आपण वजनाच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो.

पार्किन्सनमध्ये वजन का घटते, याला एक उत्तर नाही. सततचा कंप आणि अनैच्छिक हालचाली ऊर्जा खर्च करतात. वास येईनासा होतो आणि फोडणीच्या वासाने चाळवणारी भूक चाळवत नाही. जेवायला तासभर लागतो, अन्न निवते आणि चारचौघांत सांडण्याची लाज वाटून रुग्ण ‘पोट भरले’ म्हणून उठतो. उदासी हे या विकाराचे स्वतंत्र लक्षण आहे आणि तीही भूक खाते. काकांच्या बाबतीत शेवटची दोन कारणे अधिक बळकट होती. मुलगा-सून जेवायला बसण्यापूर्वीच ते घाईने उरकून घेत.

वजनघटीत एक चक्र दडलेले असते. वजन कमी झाले की लेव्होडोपाची तीच मात्रा शरीराला तुलनेने अधिक होते. त्यातून अनैच्छिक हालचाली वाढतात, त्यात ऊर्जा जाते आणि वजन आणखी उतरते. शिवाय स्नायू आणि हाडे दोन्ही झिजल्याने पडल्यावर खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून वजन हे औषधाच्या मात्रेइतकेच नियमाने पाहावे लागते. दर रविवारी सकाळी, शौचानंतर, न्याहारीआधी, त्याच काट्यावर. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट झाली तर थांबून चालत नाही. त्या वेळी थायरॉइड, मधुमेह, क्षय, कर्करोग अशी इतर कारणेही डॉक्टरांनी तपासायला हवीत, कारण पार्किन्सन झालेल्या माणसाला दुसरा आजार होत नाही असे नाही.

वजन भरून काढताना प्रथिनांच्या वेळापत्रकाला धक्का न लावता ऊर्जा वाढवायची असते, आणि या कामी तूप-तेलासारखा साथीदार नाही. त्यात प्रथिने नसतात आणि ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी मिळतात. काकांच्या दिवसात चार चमचे तूप वाढवले, तेवढ्याने १८० किलोकॅलरींची भर पडली. ओल्या नारळाची चटणी, गूळ-तूप-पोळी, साबुदाण्याची पेज, उकडलेला बटाटा हे सारे दिवसा चालते. चरबीने जठर मंदावते ही अडचण खरी आहे. पण गोळी पाऊण तास आधी गेलेली असल्याने ती आतापर्यंत जठर सोडून पुढे निघालेली असते. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर तूप-गुळाचे हे गणित वेगळे मांडावे लागते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान खाणी, गरम राहणारी वाटी, जाड दांड्याचा चमचा आणि ‘ऑन’ काळात सर्वांसोबत जेवण, या तजविजी कागदावर किरकोळ दिसतात. काकांचे संध्याकाळचे ताट मात्र सुनेने कुटुंबाबरोबर वाढायला घेतल्यापासूनच रिकामे होऊ लागले.

आणखी एका प्रश्नाचे उत्तर प्रत्येक भेटीत द्यावे लागते. खाजकुयलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते, मग त्याची भुकटी का घेऊ नये? असते हे खरे आहे आणि अडचणही तीच आहे. बाजारातल्या भुकटीत ते किती आहे हे दर पाकिटागणिक बदलू शकते, आणि गोळीच्या जोडीला ते घेतल्यास मात्रा अनाहूत वाढून रक्तदाब घसरणे, भ्रम होणे, अंग डुलणे असे प्रकार घडतात. काकांच्या घरीही शेजाऱ्यांनी दिलेला एक डबा होता. आहारतज्ज्ञांनी तो बाजूला ठेवायला सांगितले आणि न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीवर त्याची नोंद केली, कारण आधीच्या दोन महिन्यांतल्या चढउतारांचा अर्थ लावताना ती माहिती त्यांना हवी होती.

तीन महिन्यांनी काकांचे वजन ५६ किलोवर आले. दुपारची गोळी आठवड्यातून पाच-सहा दिवस तासाभरात लागू लागली. लग्नकार्याच्या पंगतीत बासुंदी झाली की त्या दिवशी ती रुसते, हे त्यांनी मान्य केले आहे. पुढची भेट तीन महिन्यांनी ठरली आहे आणि तोवर ब-१२ व ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून आणायची आहे. दीर्घकाळ लेव्होडोपा घेणाऱ्यांत ब-१२ कमी आढळू शकते आणि ते कमी असले की हातापायांच्या मुंग्या व तोल जाणे आजाराच्याच खात्यावर मांडले जाते. मधल्या काळात पोट एकाएकी फुगले, उलट्या होऊन वाराही सरेनासा झाला, शौचातून रक्त गेले, किंवा पाणी गिळताना रोज ठसका लागून ताप येऊ लागला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, असे वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून दिले आहे.